नाव खोडले तरी
(प्रस्तावना)

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मराठी माणसांची कोणतीही मोठी यादी घ्या आणि जन्मतारखेचा रकाना चाळा. १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा भेटेल. मुलाचा नेमका जन्मदिवस घरच्यांना आठवत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, आणि पोर वयात बसावे अशा बेताने गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. त्या नोंदीवर आपण आजवर विनोदच केले. या पुस्तकाच्या नजरेने पाहिले तर गुरुजींनी त्या पोरांना नकळत एक आडोसा दिला होता. गावात त्याच साली १ जूनला ‘जन्मलेली’ आणखी सात मुले असतील, तर जन्मतारखेवरून त्या आठांतला नेमका एक उचलता येत नाही. ज्याच्या आईला तिथी पक्की आठवत होती आणि म्हणून ज्याच्या नावापुढे १७ ऑक्टोबर लागले, तो मात्र यादीत एकटा पडला.

गुरुजींनी अजाणता केले ते जाणूनबुजून आणि मोजून करणे, याला के-अनामिकता म्हणतात. ‘के’ हा एक आकडा आहे. प्रसिद्ध करायच्या यादीतली प्रत्येक ओळ, ओळख पटवू शकतील अशा रकान्यांपुरती, निदान के-१ इतर ओळींसारखीच दिसली पाहिजे. के पाच असेल तर प्रत्येक माणूस किमान पाच जणांच्या घोळक्यात उभा असतो. व्याख्या एवढीच आहे. तिची गरज का पडली हे कळायला मात्र अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, १९९०च्या दशकात जावे लागते.

तिथल्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनकडे राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचे काम होते. सुमारे १,३५,००० कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या दवाखान्यातल्या भेटींची माहिती कमिशनकडे जमा होई: निदान काय झाले, उपचार कोणते केले, औषधे कोणती दिली. संशोधकांना ती उपयोगी होती. कमिशनने नावे काढून टाकली आणि फाइल संशोधकांना दिली, उद्योगांना विकली. नाव नसल्यामुळे माहिती निनावी झाली असा सगळ्यांचा समज होता, आणि त्या काळी तो कोणालाच भाबडा वाटला नसता. फाइलीत जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, हे तीन रकाने तसेच राहिले होते.

लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत संगणकशास्त्राची विद्यार्थिनी होती. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिज शहरात राहतात हे तिला ठाऊक होते, आणि सरकारी विम्यामुळे त्यांच्या नोंदीही त्या फाइलीत असणार हेही. मे १९९६ मध्ये एका पदवीदान समारंभात वेल्ड कोसळले होते आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले होते. ती बातमी सर्वत्र छापून आली होती. स्वीनीने केंब्रिजची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली. तिच्यात ५४,८०५ मतदार होते, आणि प्रत्येकाचे नाव, पत्ता, झिप कोड, जन्मतारीख व लिंग नोंदलेले होते. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा निघाले. त्यांत पुरुष तीन. त्या तिघांत वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. विम्याच्या फाइलीत तेच तीन तपशील जुळणारी ओळ शोधली की पुढच्या रकान्यात निदान आणि औषधे समोर येत होती.

यात कोणतेही कुलूप फोडलेले नाही, कोणाचा पासवर्ड चोरलेला नाही. एका यादीत नाव होते पण आजार नव्हता, दुसरीत आजार होता पण नाव नव्हते. मधले तीन रकाने दोन्हींत समान होते, तेवढ्यावर दोन याद्या सांधल्या गेल्या. दोन तक्ते समान रकान्यावर जोडणे हे कचेरीतला कोणताही कारकून रोज करतो. म्हणूनच मला हे प्रकरण अजून अस्वस्थ करते.

आता यामागचा हिशेब पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. जन्मतारीख एकटी फार काही सांगत नाही, लिंग तर त्याहून कमी सांगते. पण त्यांचा गुणाकार होतो. वर्षाचे ३६५ दिवस, माणसांची साधारण ऐंशी वर्षे, आणि दोन लिंगे धरली तर ५८,४०० खण तयार होतात. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेनुसार एका झिप कोडमध्ये सरासरी साडेआठ हजारांच्या आसपास माणसे होती. साडेआठ हजार दाणे ५८,४०० खणांत भिरकावले, तर बहुतेक दाणे एकेकटेच पडणार. संभाव्यतेचे साधे सूत्र लावले तर शंभरातले सुमारे ८६ एकटे निघतात. स्वीनीने जनगणनेच्या आकड्यांवर मांडलेला निष्कर्ष ८७ टक्क्यांचा होता: अमेरिकेतली इतकी माणसे केवळ या तीन तपशिलांवरून बहुधा एकमेव ठरतात. पुढे २००६ मध्ये फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवर हेच गणित पुन्हा केले, तेव्हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. ८७ चा आकडा आजही भाषणांत बिनदिक्कत फेकला जातो. ६३ चा आकडा सांगणारे कमी भेटतात, आणि खरे तर तोही काही दिलासा देणारा नाही.

सरासरीच्या आड काय दडते हे स्वीनीच्याच दोन उदाहरणांतून दिसते. शिकागोच्या ६०६२३ या झिप कोडमध्ये १,१२,१६७ माणसे होती. इतक्या गर्दीत कोणीच एकटे पडू नये, तरी तिथले सुमारे ११ टक्के लोक ओळखू येण्याजोगे निघाले, कारण त्या भागात पंचावन्नच्या पुढची माणसे फार थोडी होती. उलट ११७९४ हा एका विद्यापीठाच्या आवाराचा कोड. वस्ती जेमतेम ५,४१८, पण बहुतेक सगळे १९ ते २४ वयाचे विद्यार्थी, त्यामुळे ओळखू येण्याजोगे केवळ १३ टक्के. आडोसा मिळतो तो आपल्यासारख्यांचा. नुसत्या लोकसंख्येचा मिळत नाही.

आपल्याकडे हा हिशेब कसा बसेल? आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते. देशात आज एकोणीस हजारांहून अधिक पिनकोड आहेत, म्हणजे १४० कोटींच्या हिशेबाने एका पिनकोडवर सरासरी सत्तर हजारांपेक्षा जास्त माणसे येतात. वरचेच सूत्र लावले तर शंभरातले जेमतेम तीसजण एकटे पडतात. आपण गर्दीमुळे सुरक्षित आहोत असा निष्कर्ष यातून काढणारे मला भेटले आहेत. पण हे तीस कोण असतात ते पाहावे: बहुतकरून म्हातारी माणसे, विरळ वस्तीत राहणारे आणि १ जूनच्या कृपेतून सुटलेले. आजारांच्या यादीत यांच्यापैकी पहिले सर्वाधिक असतात. शिवाय या गणितात तीनच रकाने धरले आहेत. त्यात व्यवसाय किंवा इस्पितळात भरती झाल्याची तारीख घातली की खणांची संख्या पुन्हा कितीतरी पटींनी वाढते.

मला हे पुस्तकातून कळले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणाची फाइल मी स्वतः नावाचा रकाना काढून एका संस्थेकडे पाठवली होती, आणि काम चोख झाले या समाधानात चहा प्यायला गेलो होतो. दोन दिवसांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने फाइलीतली एक ओळ दाखवून विचारले, “ही आमची आत्याच ना हो?” त्या गावात चौऱ्याण्णव वर्षांची बाई एकच होती. तिला ऐकू येत नाही, तिचा मुलगा पैसे पाठवत नाही, हे सगळे त्याच ओळीत पुढे लिहिलेले होते.

अशा रकान्यांसाठी पुस्तकाच्या लेखिकेने ‘निमओळख’ हा शब्द वापरला आहे आणि मला तो आवडला. आधार क्रमांक ही पूर्ण ओळख, रक्तातली साखर ही ओळख नव्हे, आणि जन्मतारीख-पिनकोड-लिंग ही त्रयी या दोहोंच्या मधली. ही कल्पना स्वीनीच्या आधीची आहे. स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ तोरे डालेनियस यांनी १९८६ मध्येच तिला नाव दिले होते, आणि जनगणना कचेऱ्यांतले संख्याशास्त्रज्ञ तक्ते छापण्याआधी छोटे आकडे झाकण्याची काळजी त्याआधीपासून घेत आले होते. पण त्यांचे शहाणपण तक्त्यांपुरते आणि बरेचसे अनुभवावर बेतलेले होते. १९९८ मध्ये पिएरांजेला सामराती आणि स्वीनी यांनी त्याला तपासता येईल अशी व्याख्या दिली. २००२ चा स्वीनीचा निबंध या विषयाचे प्रवेशद्वार मानला जातो.

व्याख्या पाळायची कशी, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. पुण्यातल्या एका दवाखान्याच्या यादीत चार पुरुष आहेत. पहिला ४११०३० मधला, जन्म १२ मार्च १९६१, मधुमेह. दुसरा ४११०३७ मधला, जन्म १९६४ चा, क्षय. तिसरा पुन्हा ४११०३० मधला, १९६८ चा, हृदयविकार. चौथा ४११०३८ मधला, १९६३ चा, दमा. आत्ता प्रत्येकजण एकटा आहे. पिनकोडचा शेवटचा आकडा झाकून ४११०३* केला आणि जन्मतारखेऐवजी ‘१९६० ते १९६९’ लिहिले, तर चौघे सारखे दिसू लागतात. के चार झाला. याला ढोबळीकरण म्हणतात.

आता यादीत पाचवी ओळ आहे १९२७ साली जन्मलेल्या बाईंची. त्यांना घोळक्यात घ्यायचे तर लिंगाचा रकाना पुसावा लागेल आणि जन्माचा पट्टा १९२० पासून १९६९ पर्यंत ताणावा लागेल. मग पन्नाशीपासून शंभरीपर्यंतचे सगळे एकाच दावणीला बांधले जातात आणि मधुमेह कोणत्या वयात दिसतो हे सांगण्याची त्या यादीची ताकदच संपते. दुसरा मार्ग म्हणजे बाईंची ओळच वगळणे. यादी वाचते, पण अतिवृद्धांचे आजार अभ्यासातून हळूच गळून जातात. ढोबळीकरण आणि वगळणे यांचा सर्वांत स्वस्त मेळ शोधणे हे संगणकालाही जड जाणारे काम आहे, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. म्हणून प्रत्यक्षात ‘बऱ्यापैकी’ उत्तर देणाऱ्या रीतीच वापरल्या जातात.

पिनकोडबाबत एक खाच मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण परदेशी पुस्तकांत ती मिळणार नाही. पिनकोडचे पहिले तीन आकडे प्रदेश उतरत्या क्रमाने सांगतात, पण शेवटचे तीन टपाल कचेरीचे असतात आणि लागोपाठचे क्रमांक शेजारी असतीलच असे नाही. वरच्या ४११०३* या गटात कोथरूड आणि बिबवेवाडी एकत्र आली. डेंग्यूचे रुग्ण नकाशावर मांडणाऱ्याला अशा गटाचा काही उपयोग नाही. आपल्याकडे आकडे झाकण्यापेक्षा शेजारचे पिनकोड नकाशा पाहून एकत्र करणे शहाणपणाचे.

के-अनामिकतेतली पहिली मोठी फट लवकरच सापडली. समजा घोळक्यातल्या चौघांनाही क्षयच आहे. यांतला नेमका कोण ते मला कळले नाही, पण माझा शेजारी या चौघांत आहे एवढे ठाऊक असले तरी त्याचा आजार मला कळलाच. २००६ मध्ये अश्विन मचनवज्जला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून एल-विविधतेची अट घातली: प्रत्येक घोळक्यात संवेदनशील माहितीही निरनिराळी हवी. पुढच्याच वर्षी टी-सान्निध्य आले. त्याचे म्हणणे असे की घोळक्यातले आजारांचे प्रमाण एकूण यादीतल्या प्रमाणाच्या जवळ हवे. या दुरुस्त्या उपयोगी आहेत, पण त्यांत या पंथाची धावपळही दिसते: भोक पडेल तिथे ठिगळ.

दुसरी फट मला अधिक गंभीर वाटते. एकच रुग्ण दोन इस्पितळांत गेला आणि दोघांनीही आपापली यादी इमानदारीने के-अनामिक करून प्रसिद्ध केली. पहिल्या यादीत तो ज्या चौघांत आहे त्यांचे आजार मधुमेह, क्षय, दमा आणि हृदयविकार. दुसरीत तो ज्या चौघांत आहे त्यांचे क्षय, कावीळ, मलेरिया आणि मूतखडा. दोन्हींत समान काय? क्षय. दोन्ही याद्या आपापल्या जागी निर्दोष आहेत, आणि दोन्ही संस्थांना एकमेकींचा पत्ताही नाही. पुढच्या साली कोणती यादी बाहेर येईल हे आज कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ही फट बुजवण्याचा उपाय एका संस्थेच्या हातात राहत नाही.

तिसरा घाव आरोग्याबाहेरून आला. नेटफ्लिक्सने स्पर्धेसाठी सुमारे ४,८०,००० ग्राहकांनी सिनेमांना दिलेले गुण निनावी करून प्रसिद्ध केले होते. त्यात पत्ता नव्हता, जन्मतारीखही नव्हती. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की माणसाने पाहिलेले मोजके सिनेमे आणि ते केव्हा पाहिले याचा अंदाज एवढ्यावरही त्याची ओळ सापडते. म्हणजे निमओळख कोणती आणि निव्वळ माहिती कोणती, ही सीमारेषाच विरघळली. के-अनामिकतेची सारी इमारत त्या रेषेवर उभी होती.

इथून दुसरा पंथ सुरू होतो, सिंथिया ड्वॉर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या भेदी गोपनीयतेचा. तो यादी देतच नाही. प्रश्नाचे उत्तर देतो आणि उत्तरात मोजूनमापून थोडी भेसळ करतो, इतकी की एखादा माणूस यादीत होता की नव्हता हे उत्तरावरून ठरवता येऊ नये. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे याच रीतीने बाहेर काढले, आणि छोट्या गावांचे आकडे बिघडल्याच्या तक्रारीही ऐकल्या. तात्त्विक पाया या पंथाचा पक्का आहे यात शंका नाही. पण जिल्हा आरोग्य कार्यालयात बसलेल्या माणसाला उद्या सकाळी एक एक्सेल फाइल पाठवायची असते. त्याला हा पंथ आज फारशी मदत करत नाही, आणि के-अनामिकता अजून टिकून आहे ती यामुळे.

वेल्ड प्रकरणावरचा एक आक्षेपही इथेच नोंदवायला हवा, कारण लेखिकेने तो प्रामाणिकपणे मांडला आहे. डॅनियल बार्थ-जोन्स यांनी २०१२ मध्ये दाखवले की केंब्रिजची लोकसंख्या लाखाच्या घरात होती आणि मतदार निम्म्याहून थोडे अधिक. यादीत नसलेला, पण तीच जन्मतारीख आणि तोच झिप कोड असलेला दुसरा पुरुष शहरात असू शकत होता. मग नुसत्या मतदारयादीवरून खात्री कशी द्यायची? वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे ती खात्री आली. माझ्या मते आक्षेप रास्त आहे, पण त्याने भीती कमी होत नाही. आत्याला ओळखणाऱ्या सहकाऱ्याला मतदारयादीची गरज कुठे पडली होती?

त्या प्रकरणाची छाया अमेरिकेच्या आरोग्य-गोपनीयतेच्या नियमांवर आजही आहे. तिथे नावे काढलेल्या नोंदींत जन्माचे फक्त साल ठेवता येते. झिप कोडचे पहिले तीनच आकडे ठेवायचे, तेही त्या भागात २०,००० हून अधिक माणसे असतील तरच. एकोणनव्वदीच्या पुढचे सगळे ‘९० आणि अधिक’ या एकाच गटात. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने जिच्यावरून व्यक्ती ओळखता येईल ती माहिती वैयक्तिक मानली आहे, पण ‘ओळखता येणे’ कसे मोजायचे याचे असे आकडे कायद्यात दिलेले नाहीत. ते मोजमाप फाइल पाठवणाऱ्याच्या अकलेवर सोडलेले आहे. दुसरीकडे, आपल्या मतदारयाद्यांत नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते, आणि त्या कोणालाही पाहता येतात. जन्मतारीख त्यांत नसते, एवढीच जमेची बाजू.

हे पुस्तक त्या फाइल पाठवणाऱ्यासाठी लिहिलेले आहे. लेखिकेने प्रमेये टाळलेली नाहीत, पण प्रत्येक कल्पना आधी वीस-पंचवीस ओळींच्या तक्त्यावर हाताने करून दाखवली आहे, आणि प्रत्येक तक्ता ‘सुरक्षित’ झाल्यावर तो फोडूनही दाखवला आहे. भेदी गोपनीयतेला दिलेली जागा मला थोडी अपुरी वाटली. तिच्यावर मराठीत वेगळे पुस्तक व्हायला हवे. कोणता के पुरेसा, या प्रश्नाला मात्र लेखिकेने दिलेले उत्तर मला पटते. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत ११ पेक्षा छोटा आकडा छापत नाहीत, काही ठिकाणी पाचावर भागवतात. पण हा आकडा गणितातून येत नाही. माहिती उघडी पडली तर कोणाचे किती नुकसान होईल यावरून तो ठरवावा लागतो आणि ठरवणाऱ्याला त्याखाली सही करावी लागते.

वाचकाला एक विनंती. पहिले पान उलटण्यापूर्वी आपण अलीकडे कोणाला तरी पाठवलेली एखादी ‘निनावी’ फाइल उघडा. समजा बी रकान्यात पिनकोड आहे, सी मध्ये जन्मतारीख, डी मध्ये लिंग. शेजारच्या रिकाम्या रकान्यात दुसऱ्या ओळीपुढे हे सूत्र टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

प्रत्येक ओळीपुढे ती धरून तिच्यासारख्या किती ओळी आहेत तो आकडा येईल. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या फाइलीचा के. तो १ आला, तर ज्यांना फाइल पाठवली त्यांना आजच फोन करा. पुस्तक नंतर वाचले तरी चालेल.